खायचा डिंक, चिकटवायचा डिंक

आमच्या घरात डिंक दोन जातींचा. एक खायचा आणि एक चिकटवायचा. लग्न होऊन पूर्णेला आले तेव्हा मला याचं हसू यायचं, कारण माझ्या माहेरी डिंक म्हणजे लाडवातला, एवढंच माहीत. इथं मात्र आमच्या ह्यांना पुस्तकं बांधायचा नाद. शाळेत कारकून होते, आता निवृत्त झालेत, पण वाचनालयातली फाटकीतुटकी पुस्तकं घरी आणायची, उसवायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा, हे अजून चालूच. त्यासाठी त्यांना खडा डिंक लागतो. बाजारात हल्ली डिंकाच्या ट्यूबा मिळतात, पण यांना त्या चालत नाहीत. खडे पाण्यात भिजत घालायचे, फडक्यातून गाळायचे आणि मग कागदाला लावायचे. ट्यूबेच्या डिंकानं कागद कडक होतो म्हणतात. होत असेल बाई. मी कधी तपासायला गेले नाही.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती पौषात. थंडी मी म्हणत होती. घरातली सगळ्यांत उबदार खोली म्हणजे यांची पुस्तकांची खोली, तिला खिडकी एकच आणि तीही उन्हाच्या बाजूची. ती खोली लेकीला दिली. मग यांचा पसारा घरभर झाला. पुस्तकं दाबायचं लाकूड देवघराशेजारी, पुठ्ठे पलंगाखाली, आणि डिंकाचा डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर. मी म्हटलं, अहो, तो डबा तिथं कशाला? तर म्हणाले, खाली ओल लागते. मी बाळंतिणीच्या गडबडीत, पुढं बोलले नाही.

आमच्या लेकीची गोष्ट जरा सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. या बाळाच्या आधी एकदा तिला दिवस राहिले होते. तिसऱ्या महिन्यात गेलं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा सासरकडच्या कुण्या बाईनं विचारलं, पपई तर खाल्ली नव्हतीस ना? तिनं खाल्ली होती. पिकलेली, दोन फोडी. डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की सुरुवातीला असं आपोआप होतं, त्यात कुणाचा दोष नसतो, खाण्याचा तर नाहीच. पोरीनं मान हलवली. पण ऐकलं ते त्या बाईचंच.

तेव्हापासून पपई गेली. मग तीळ गेले, मग अननस, मग बाहेरचं सगळं. पुण्यात नोकरी करणारी शिकलेली पोर, पण ताटातला घास उचलायच्या आधी त्याच्याकडं विंचवाकडं बघावं तशी बघायची. या खेपेला नऊ महिने तिनं भीत भीत काढले. मुलगी झाली, छान झाली, टपोरी. तरी ते बघणं काही गेलं नाही. आता ती म्हणायची, माझ्या दुधातून तिला जाईल. आळीवाची खीर दिली तरी विचारायची, शेपा दिल्या तरी विचारायची. मी तापट बाई आहे. दोनदा नीट सांगते, तिसऱ्यांदा माझा आवाज चढतो. पण तिच्यावर चढवता येईना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळायची.

बाळ बघायला आक्का आल्या. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. पेडगावला राहतात, एकट्या, शेत बटईनं दिलेलं आहे तरी बांधावर रोज जाऊन उभ्या राहणाऱ्या. त्यांच्या बांधाला बाभळी आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या खोडावर डिंक सुटतो तो आक्का स्वतः खुडून आणतात, सावलीत वाळवतात, सालपटं निवडून ठेवतात. माझ्या बाळंतपणातले लाडू आक्कांच्याच डिंकाचे होते. आता भाचीसाठी त्यांनी एक पुरचुंडी आणली होती. मी ती घेतली आणि देवघराच्या कपाटात, तुपाच्या बरणीशेजारी ठेवून दिली.

लेकीनं पुरचुंडी सोडून बघितली. एक खडा उजेडात धरला.

"आई, हे नक्की असतं काय गं? बाबा पुस्तकाला लावतात तेच ना?"

तीस वर्षं लाडू वळतेय. डिंक म्हणजे झाडाचा चीक, एवढंच मला माहीत. तो खाऊन चालतो हे कुणी ठरवलं, पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, जो कागदाला कागद चिकटवतो तो आतड्याला का चिकटत नाही, यातलं काही मी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, अगं, समदे खातात. तिनं खडा परत ठेवला, मी पुरचुंडी पुन्हा बांधून कपाटात ठेवली. समदे खातात हे उत्तर तिला पुरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाळाची तपासणी होती. मी, लेक आणि बाळ, आम्ही परभणीला गेलो. घरी आक्का आणि हे. आक्कांना वाटलं, वहिनी येईपर्यंत लाडू करून टाकावेत. खारीक कुटलेली होती, खोबरं भाजलेलं होतं, गूळ किसलेला होता. पुरचुंडी त्यांना सापडेना. त्यांनी स्वयंपाकघरातूनच भावाला हाक मारली, डिंक कुठं हाय रे? हे बाहेरच्या पडवीत पाळण्याला लावायची कागदाची झालर कापत बसलेले. यांना वाटलं, आक्का काहीतरी चिकटवतायत. मान वर न करता सांगितलं, वरच्या फळीवर, डब्यात.

झालं. एका शब्दानं घात केला.

आक्कांना वाटलं, मी त्यांचाच डिंक डब्यात भरून ठेवलाय, आणि त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. खडे थोडे काळपट दिसले म्हणे त्यांना, पण डोळ्यालाच तसं दिसत असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. तुपात टाकले तर खडे फुललेही. आम्ही परत आलो तेव्हा परातीत लाडू मांडून आक्का पदरानं वारा घेत बसलेल्या. सगळ्या घराला तुपाचा वास. लेक किती वेळ परातीकडं बघत उभी राहिली. मग आक्का म्हणाल्या, माझ्या हातचा डिंक हाय बाळे, तुझ्या आईला ह्याच्यावरच उभी केली मी. पोरीनं लाडू उचलला आणि खाल्ला. सगळा खाल्ला. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याकडं बघायचंच टाळलं, नजर लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपणहून दुसरा मागितला.

त्याच दिवशी दुपारी हे झालर लावायला बसले. दारातून म्हणाले, आक्का, झालं का तुझं चिटकवून? डबा दे इकडं.

"मी काय चिटकवू?" आक्का म्हणाल्या.

मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं. आक्कांनी यांच्याकडं बघितलं, यांनी फळीकडं. डबा खाली काढला. तळाला दोन खडे आणि भुकटी. मी देवघराचं कपाट उघडलं. पुरचुंडी जशी ठेवली होती तशी, गाठसुद्धा तीच.

लेक खोलीच्या दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. बाळ तिच्या अंगावर होतं. तिचा चेहरा पांढराफटक.

"बाबा, तुम्ही त्यात ते निळं टाकता ना?"

निळं म्हणजे मोरचूद. लहानपणी तिला यांनी एकदाच मारलंय, ते या मोरचुदाला हात लावला म्हणून. पुठ्ठ्याला लावायची कणकेची खळ शिजवताना त्यात हे चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही, बुरशी येत नाही. ते विष आहे, पोटात जायची वस्तू नाही. तिनं बाळाला अंगावरून काढलं. बाळ रडायला लागलं. मी नुसती यांचं नाव न घेता यांना काय काय बोलत होते.

हे मात्र शांत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांच्या शांतपणाचा राग आला नाही. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, किल्लीनं उघडली आणि मोरचुदाची पुडी काढून लेकीसमोर धरली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोरा गुंडाळलेला. म्हणाले, हे डिंकात कधी पडत नाही. हे पडतं ते खळीत, चुलीवर, आणि खळीचं पातेलंसुद्धा घराबाहेर असतं. डब्यात नुसता कोरडा डिंक होता, दुकानातून आणलेला, जसाच्या तसा. तुझी शपथ घेऊन सांगतो.

तरी परभणीच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीण बाईंनी आधी मोरचुदाचंच विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं, यांच्याशी बोलल्या. उलटी, पोटात मुरडा, अंगावर गांधी, यातलं काही झालंय का विचारलं. काहीच झालेलं नव्हतं. मग लेकीशी बोलल्या. फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं, आणि तीस वर्षांनी मला डिंक म्हणजे काय ते कळलं. झाडाची साल फाटली की ती जागा बुजवायला झाड जो चिकट रस सोडतं, तो वाळला की डिंक. साखरेच्याच कुळातला, पण आपल्या पोटाला साखरेसारखा पचवता येत नाही. पाण्यात विरघळतो, तसाच पुढं मोठ्या आतड्यात जातो आणि भाजीतल्या चोथ्यासारखं काम करतो. रक्तात जात नाही, तर दुधात कुठून उतरणार? बाभळीचा, धावड्याचा, असा ओळखीच्या झाडाचा स्वच्छ डिंक लोक पूर्वीपासून खातात, तो अन्नच आहे. जास्त खाल्ला तर पोट फुगतं, पाणी नीट प्यायचं, एखाद्याला तो सोसत नाही तर सोडायचा. कंबर बळकट होते का, असं मी मधेच विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, तूप, खारीक आणि आईच्या घरची झोप यानं होते, डिंकाचं एवढं कुणी सिद्ध केलेलं नाही.

बाळाला पाजू का, लेकीनं विचारलं. पाजा, आत्ताच पाजा, त्या म्हणाल्या. पण ते लाडू आणखी खाऊ नका, कारण तो डिंक कशाचा आहे ते आपल्याला माहीत नाही. दोन दिवस लक्ष ठेवा, काही वाटलं तर लगेच या.

हे बाजारात जाऊन दुकानदाराला विचारून आले. तो म्हणाला, साहेब, तुम्ही चिकटवायचा मागता, मी चिकटवायचा देतो. खायच्याचं पोतं वेगळं. चिकटवायच्यात बाभूळ असेल, लिंब असेल, आणखी कशाकशाचं असेल, खाली मातीत पडलेलं, सालीसकट, सगळं एकात. विष कुणी घालत नाही, पण खायला म्हणून कुणी निवडतही नाही.

लाडू टाकायचे ठरले. खारीक, खोबरं, बदाम, घरचं तूप, सगळं. परात आक्कांनी उचलली. मी म्हटलं, मी टाकते, तर ऐकेनात. परसात खड्डा करून स्वतः पुरले, गाईगुरांनी खाऊ नये म्हणून. आत आल्या त्या सरळ पिशवी भरायला लागल्या. पेडगावची गाडी कधी हाय विचारलं. मी हात धरला तर म्हणाल्या, वहिनी, मला आता दिसत न्हाई, मी बाळंतिणीच्या घरात कशाला राहू? माझ्या हातनं काय बरं-वाईट झालं आसतं म्हंजे? त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्या राहिलेल्या डोळ्यातून आणि बऱ्या झालेल्यातूनही. मला लय वाईट वाटलं. माझ्या बाळंतपणात या बाईनं माझं डोकं मांडीवर घेऊन मला जेवू घातलंय.

तेव्हा लेक उठली. बाळ तिनं माझ्याकडं दिलं, देवघराच्या कपाटातून पुरचुंडी काढली आणि आत्याच्या पिशवीशेजारी जमिनीवर बसली. पुरचुंडी सोडून म्हणाली, आत्या, मला शिकव. कुठला खायचा, कुठला नाही, ते मला कळलं पाहिजे.

आक्का पिशवी ठेवून बसल्या.

दोघींनी खडे पसरले. आक्का बोटांनी चाचपत होत्या, लेक डोळ्यांनी बघत होती. मधासारखा, आरपार उजेड जाणारा एकीकडं, काळपट आणि साल चिकटलेला दुसरीकडं. एक खडा वाटीत पाण्यात टाकला, तो भिजून भिजून सकाळपर्यंत सगळा विरघळला, तळाला काही राहिलं नाही. बाकीचे दुसऱ्या दिवशी ऊन दाखवून बारीक फोडले. मोठा खडा तळायचा न्हाई, आक्का म्हणाल्या, वरून फुलतंय आन् आत काच राहती, ती दाताला बसती आन् पोटात दगडासारखी पडती. मध्यम आचेवर थोडे थोडे खडे सोडले. आतला ओलावा तापला की खडा तडतडून पांढरा फुलतो, लाहीसारखा. लेकीनं एक काढून बोटांत चुरडला. सगळा भुगा झाला, आत कण नाही.

"म्हणजे फुलला की तो खायचा," ती म्हणाली.

आक्कांनी मान हलवली. "न्हाई बाळे. फुलला तर त्योबी होता. फुलण्यावर जाऊ नको. झाड बगितलेलं पायजे."

लेक झाऱ्यातल्या लाह्यांकडं बघत राहिली. मी तिला लहानपणापासून ओळखते, तिच्या मनात काहीतरी जागेवर बसत होतं ते मला दिसत होतं. मग तिनं सगळं विचारलं: कुठली बाभूळ, बांधावर फवारणी होते का, कधी खुडला, कुठं वाळवला. आक्कांनी एकेकाचं उत्तर दिलं. फवारणीच्या कडेच्या बाभळीला त्या हात लावत नाहीत, विहिरीकडच्या दोघींचाच काढतात. ही पोर इतके दिवस प्रत्येक घासाला भ्यायची, पण घासाला विचारत कधी नव्हती. आज ती विचारत होती, उत्तर ऐकत होती, आणि उत्तर पटलं की पुढं जात होती.

दोन दिवसांत काही झालं नाही. तिला नाही, बाळालाही नाही. बारसं झालं, झालर शेवटी कणकेच्या खळीनं चिकटवली, बिनमोरचुदाच्या. आक्का बारशापर्यंत राहिल्या. आक्कांच्या डिंकाचे लाडू लेकीनं स्वतः वळले, बाळंतिणीनं चुलीपुढं बसू नये म्हणून मी ओरडत असताना. पहिला तिनं खाल्ला. चावताना डोळे मिटले होते. डब्यावर आता ह्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, पुस्तकाचा डिंक, आणि डबा पडवीत कुलपात. आक्कांचा दुसरा डोळाही माघ संपायच्या आत करून घेतला.

चैत्रात लेक पुण्याला जायची होती. जायच्या आधी म्हणाली, आई, मला ते झाड बघायचंय. बाळाला घेऊन आम्ही पेडगावला गेलो. ऊन चढायच्या आत आक्कांनी आम्हाला विहिरीकडं नेलं. बाभळीच्या खोडावर जुनी खोक होती, कुणी कधी कुऱ्हाड घातलेली, आणि तिच्या तोंडाशी डिंकाचा थेंब, अजून ओला, उन्हात पिवळा चमकणारा. लेकीनं बोट लावलं. चिकटलं.

"झाड रडायलंय वाटतं," मी आपलं म्हटलं.

"रडत न्हाई," आक्का म्हणाल्या. "खोक बुजवायलंय."

लेक बराच वेळ त्या खोडाला हात लावून उभी होती. मग वळली. विहिरीच्या कडेला, पाटाच्या पाण्यावर, आक्कांनी दोन पपया लावल्यात. एकीवर पिकून पिवळं झालेलं फळ होतं. तिच्यापुढं पपईचं नावही आम्ही घेत नव्हतो. ती सरळ झाडाकडं गेली, म्हणाली, आत्या, ही पिकली का गं?

आक्कांनी दोन्ही बऱ्या डोळ्यांनी नीट बघितलं आणि पिकलीय म्हणाल्या.

बांधावर बसून तिनं विळ्यानं पपई चिरली. काळ्या बिया बोटानं मातीत झाडल्या. एक फोड तोंडात घातली. बाळ माझ्या मांडीवर तिच्याकडं टकमक बघत होतं. तिनं फोड संपवली, दुसरी घेतली. दोन फोडी. तेवढ्याच तिनं त्या वेळी खाल्ल्या होत्या.

"आई," ती म्हणाली, "पपईनं नव्हतं ना गं गेलं?"

"न्हाई बाळा," मी म्हटलं. "कुणानंच न्हाई."

तिनं एक फोड माझ्यापुढं धरली. गोड हाय, म्हणाली, पुण्यात जाऊन विसरलेल्या आमच्या बोलीत. मी फोड घेतली आणि रडत रडतच खाल्ली. आक्कांनी बाळाला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं, आणि आम्ही मायलेकींनी मिळून ती पपई सगळी संपवली.